पॅलेटवरचे नग मोजताना: मधली पोकळी आणि शेवटचं पॅलेट

प्रश्न: आमच्याकडे १४ पॅलेटचा माल आला. मी पॅलेटभोवती फिरून पाहिलं, प्रत्येक बाजूला एका थरात तीन कार्टन दिसतात आणि असे सहा थर आहेत, म्हणून पॅलेटवर ५४ कार्टन धरली. एका कार्टनमध्ये ६ बॉक्स, एका बॉक्समध्ये २४ नग. एक पॅलेट जरा बुटकं वाटलं, पण फिल्म गुंडाळलेली होती म्हणून तेही पूर्णच धरलं. माझा हिशोब १,०८,८६४ नग येतो आणि पॅकिंग लिस्टवर ९५,१२२ लिहिलंय. एवढा फरक कसा काय? आणि पावतीवर सही कोणत्या आकड्यावर करू?

उत्तर: तुमच्या गुणाकारात चूक नाही. १४ गुणिले ५४ म्हणजे ७५६ कार्टन, आणि एका कार्टनमध्ये ६ गुणिले २४ म्हणजे १४४ नग, तेव्हा १,०८,८६४ बरोबरच येतात. चूक आहे ती ५४ या आकड्यात, आणि थोडी त्या बुटक्या पॅलेटमध्ये. दोन्ही गोष्टी कागदावरूनच ओळखता येतात. त्या कशा, ते आधी सांगतो. मग गोदामात जाऊन काय करायचं ते पाहू.

दोन आकड्यांतला फरक १३,७४२ आहे. तो आधी १४४ ने भागा. भागाकार ९५ येतो आणि ६२ नग उरतात. हे उरलेले ६२ महत्त्वाचे. सगळी कार्टन पूर्ण भरलेली असती, तर फरक कितीही मोठा असला तरी १४४ च्या पटीतच आला असता. ज्या अर्थी ६२ उरतात, त्या अर्थी यादीनुसार कुठे तरी किमान एक कार्टन अर्धवट भरलेलं आहे. आता ६२ ला २४ ने भागा: दोन वेळा भाग जातो, १४ उरतात. म्हणजे त्या अर्धवट कार्टनमध्ये दोन बॉक्स कमी आहेत आणि आणखी एका बॉक्समध्ये १४ नग कमी आहेत. उलट बाजूने सांगायचं तर त्यात तीन भरलेले बॉक्स आणि १० नगांचा एक बॉक्स आहे, एकूण ८२ नग.

हेच यादीच्या आकड्यावर थेट करून बघा. ९५,१२२ ला १४४ ने भागलं की ६६० पूर्ण कार्टन निघतात आणि ८२ नग उरतात. म्हणजे एकूण ६६१ कार्टन, शेवटचं अर्धवट. स्प्रेडशीटमध्ये A1 मध्ये नगांचा आकडा टाकून हे तीन सूत्रांत येतं: पूर्ण कार्टन, उरलेले पूर्ण बॉक्स, आणि उरलेले सुटे नग.

```
=INT(A1/144)
=INT(MOD(A1,144)/24)
=MOD(A1,24)
```

उत्तरं येतील ६६०, ३ आणि १०. पॅकिंग लिस्ट हातात आली की गाडी उघडण्याआधी मी हे करतोच, कारण मग कुठे काय शोधायचं ते ठरलेलं असतं. एक अर्धवट कार्टन सापडलंच पाहिजे, आणि त्यात नेमके ८२ नग असले पाहिजेत. ते सापडलं नाही, किंवा अशी दोन-तीन निघाली, तर यादी आणि माल यांचं कुठे तरी जमत नाही हे एकही पूर्ण कार्टन न फोडता कळतं.

आता उरलेली ९५ कार्टन कुठे गेली? यातली ८४ कधी नव्हतीच. तुम्ही म्हणता प्रत्येक बाजूला तीन कार्टन दिसतात. पुन्हा एकदा पॅलेटजवळ जा आणि ती तिन्ही कार्टन सारख्याच रुंदीची दिसतात का बघा. माझा अंदाज असा की दोन अरुंद दिसतील आणि एक रुंद. तसं असेल तर तुमच्या पॅलेटवर चक्री रचना आहे, भिंगरीच्या पात्यांसारखी. समजा कार्टन ४० सेंटीमीटर लांब आणि ३० सेंटीमीटर रुंद आहे. दोन कार्टन शेजारी शेजारी ठेवली की ६० बाय ४० चा जोड होतो. असे चार जोड, प्रत्येक आधीच्याला काटकोनात, गोल फिरत ठेवले की १०० बाय १०० चा चौकोन तयार होतो. एका जोडाची ६० ची बाजू कडेला येते, तिथे दोन अरुंद तोंडं दिसतात. शेजारच्या जोडाची ४० ची बाजू कडेला येते, तिथे एक रुंद तोंड दिसतं आणि जोडीदार कार्टन त्याच्या मागे असतं. चारही बाजूंनी तीन-तीनच दिसतात. पण कार्टन आहेत आठ, आणि मधोमध २० बाय २० सेंटीमीटरची रिकामी चिमणी आहे. चौकोनाचं क्षेत्रफळ दहा हजार चौरस सेंटीमीटर, आठ कार्टनचं ९,६००, आणि उरलेले ४०० म्हणजे ती चिमणी.

बाहेरून तीन गुणिले तीन करताना आपण मध्ये एक नववं कार्टन आहे असं गृहीत धरतो. ते नसतं. थरामागे एक, सहा थरांमागे सहा, १४ पॅलेटांमागे ८४ कार्टन. ८४ गुणिले १४४ म्हणजे १२,०९६ नग. तुमच्या फरकाचा मोठा हिस्सा हाच.

अशी रचना मुद्दामच करतात. एका थराची चक्री उजवीकडे फिरवली की वरच्या थराची डावीकडे फिरवतात. मग वरच्या कार्टनचा सांधा खालच्या सांध्यावर येत नाही आणि ढीग एकमेकांत गुंतून राहतो. सरळ रचलेल्या ढिगात सगळे सांधे एकाखाली एक येतात. तिथे कार्टनचे कोपरे कोपऱ्यांवर बसत असल्यामुळे वजन चांगलं पेलतं, पण धक्का बसला की ढीग खांबाखांबांनी सुटतो. कोणती रचना निवडायची हे पॅकिंग करणाऱ्याने कार्टनच्या मापावरून ठरवलेलं असतं. आपण फक्त ती ओळखायची.

ओळखायची सोपी रीत म्हणजे एका थराभोवती पूर्ण चक्कर मारून दिसणारी तोंडं मोजायची. तुमच्याकडे १२ भरतील. चार कोपऱ्यांवरची कार्टन दोन-दोन बाजूंनी दिसतात, म्हणून ती दोनदा मोजली गेली. १२ मधून ४ वजा केले की कडेची ८ कार्टन मिळतात. ही वजाबाकी कुठल्याही रचनेत चालते, फक्त कोपऱ्यावरच्या प्रत्येक कार्टनची दोन तोंडं दिसत असली पाहिजेत. यानंतरचा प्रश्न एकच: मध्ये काय आहे? एका बाजूची सगळी तोंडं सारखी असतील तर मध्ये कार्टन असण्याची शक्यता जास्त. मिश्र रुंदीची असतील तर पोकळी असण्याची शक्यता जास्त. पण ही शक्यताच आहे, म्हणून वरून बघायचं. शिडी घ्या, वरची फिल्म कापा, टॉर्च मारा. चिमणी असेल तर उजेड आतपर्यंत जातो. वरच्या थरावर पुठ्ठ्याची शीट टाकलेली असेल तर ती उचला; तिच्याखाली काय आहे ते शीटवरून कळत नाही.

राहिली ११ कार्टन. ती त्या बुटक्या पॅलेटवर कमी आहेत. यादीनुसार ६६१ कार्टन, आणि पूर्ण पॅलेटवर आठ गुणिले सहा म्हणजे ४८. ६६१ ला ४८ ने भागा: १३ पूर्ण पॅलेट, उरली ३७. आठच्या थरांत ३७ म्हणजे चार पूर्ण थर आणि पाचव्या थरात पाच कार्टन. तुम्हाला पॅलेट बुटकं दिसलं ते म्हणूनच. ४८ च्या जागी ३७, म्हणजे ११ कमी. ८४ आणि ११ मिळून ९५, आणि अर्धवट कार्टनमधले ६२ नग. पूर्ण १३,७४२ चा हिशोब लागला.

पण हिशोब लागला म्हणजे माल मोजून झाला असं नाही. आपण फक्त एवढं दाखवलं की पॅकिंग लिस्ट स्वतःशी जुळते आणि तुम्ही जे बाहेरून पाहिलं त्याच्याशी तिचा विरोध नाही. आता खरी मोजणी.

मोजताना दोघं असावेत. एक बघून मोठ्याने बोलेल, दुसरा लिहील. प्रत्येक पॅलेटसाठी कागदावर एक ओळ: पॅलेटचा क्रमांक, पूर्ण थर किती, थरात कार्टन किती, वर सुटी किती. तुमच्या बुटक्या पॅलेटची ओळ अशी होईल: चार थर, थरात आठ, वर पाच. ३७ हा आकडा त्याच वेळी लिहायचा मोह टाळा. गुणाकार सगळं मोजून झाल्यावर करा, कारण आकडा आधीच माहीत असला की डोळे तोच शोधतात. मी नवीन माणसांच्या हातात मोजून होईपर्यंत पॅकिंग लिस्ट देतही नाही. मोजलेल्या पॅलेटवर खडूने खूण करा. फोर्कलिफ्टवाला मधेच एखादं पॅलेट उचलून दुसरीकडे ठेवतो आणि तेच पुन्हा मोजलं जातं. असं मी अनेकदा पाहिलंय.

कार्टनवर अनुक्रमांक छापलेले असतील तर फार सोय होते, पण तिथे एक ठरलेली चूक होते. शेवटच्या पॅलेटवर ६२५ ते ६६१ क्रमांक असतील, तर माणूस ६६१ मधून ६२५ वजा करून ३६ लिहितो. दोन्ही टोकं धरायची असतात, म्हणून एक मिळवायचा: ३७. प्रत्येक पॅलेटवर ही चूक झाली तर १४ पॅलेटांवर १४ कार्टन, म्हणजे २,०१६ नग हिशोबातून गळतात. फरक बरोबर पॅलेटांच्या संख्येइतक्या कार्टनांचा आला की मी आधी हेच तपासतो.

आणि बोलताना कोण कशाला काय म्हणतं ते आधी ठरवून घ्या. गेटवरचा माणूस कार्टनला बॉक्स म्हणतो, पॅकिंगवाला आतल्या खोक्याला बॉक्स म्हणतो, आणि ‘६६१ बॉक्स मिळाले’ असं पावतीवर लिहिलं गेलं तर हिशोबाला बसणारा ६६१ गुणिले २४ करून मोकळा होतो. पॅलेटवरच्या छापील लेबलवरही हा घोळ असतो. जीएस१ पद्धतीच्या लेबलवर `(00)` पुढे त्या पॅलेटचा १८ अंकी क्रमांक असतो, `(02)` पुढे आत असलेल्या वस्तूचा क्रमांक आणि `(37)` पुढे त्या वस्तू किती ते. `(37)` पुढे 48 असेल तर ते ४८ कशाचे, हे `(02)` मधला क्रमांक कोणाचा आहे त्यावर ठरतं. तो कार्टनचा असेल तर ४८ कार्टन. हा आकडा नगांचा समजून कोणी नोंदवला, तर ६,९१२ नगांचं पॅलेट पुस्तकात ४८ नगांचं होतं.

कार्टन मोजून झाली की आत बघायचं. अर्धवट कार्टन आधी शोधा. नीट पॅकिंग करणारे ते शेवटच्या पॅलेटवर सगळ्यात वर ठेवतात आणि त्यावर वेगळी टेप किंवा हाताने लिहिलेला आकडा असतो. ते पूर्ण रिकामं करून एकेक नग मोजा. ८२ भरले पाहिजेत. पूर्ण कार्टनांपैकी काही उघडा, पण सगळी वरचीच नकोत आणि एकाच पॅलेटवरची नकोत. बॉक्समध्ये नग दोन थरांत असतील तर वरचे बारा मोजून दुप्पट करू नका, मधला पुठ्ठा उचलून खालचा थर बघा.

सगळी कार्टन उघडणं शक्य नसतं, तेव्हा वजनकाटा कामाला येतो. समजा एक नग ६५ ग्रॅमचा आहे आणि तुम्ही स्वतः मोजून खात्री केलेलं पूर्ण कार्टन १०.२ किलो भरतं. आतला एक बॉक्स कमी असेल तर २४ नगांचे १.५६ किलो आणि खोक्याचं वजन कमी भरेल. ते लपत नाही. पण एकच नग कमी असेल तर फरक ६५ ग्रॅमचा. पुठ्ठा दमट हवेत ओलावा धरतो, टेप कमीजास्त लागते, नगही तंतोतंत सारखे नसतात. एवढ्यात ६५ ग्रॅम हरवतात. पूर्ण पॅलेट काट्यावर चढवलं तर लाकडी पॅलेटचंच वजन ओल्या-सुक्यावर काही किलोंनी बदलतं. म्हणून मी नेहमी एक पातळी धरून चालतो: पॅलेटच्या वजनावरून कार्टन कमी आहे का ते बघायचं, कार्टनच्या वजनावरून बॉक्स, आणि बॉक्सच्या वजनावरून नग. पॅलेटच्या वजनावरून नग काढू नयेत.

मोजणीनंतर फरक उरलाच, तर सुरुवातीला केलेला भागाकार पुन्हा कामी येतो. तुमच्या मालात ६,९१२ चा फरक म्हणजे एक पॅलेट, १,१५२ म्हणजे एक थर, १४४ म्हणजे एक कार्टन, २४ म्हणजे एक बॉक्स. एकदा माझ्याकडे अशाच रचनेच्या मालात मोजणी आणि यादी यांत नेमका १,१५२ नगांचा फरक आला होता. मी एकही कार्टन उघडलं नाही. मोजपट्टी घेऊन सगळ्या पॅलेटांची उंची मोजली. एक पॅलेट बाकीच्यांपेक्षा जेमतेम एका कार्टनएवढं कमी होतं, पण ते उंच ढिगांच्या मागे उभं होतं आणि मोजणाऱ्याने सवयीने सहा थर लिहिले होते.

मात्र या खुणेवर सगळा भरवसा टाकू नका. दोन चुका एकमेकींना झाकतात. एका मालात आम्हाला एका पॅलेटवर ४८ ऐवजी ४६ कार्टन मिळाली. आम्ही दोन कार्टन, म्हणजे २८८ नग कमी आल्याचं कळवलं. पाठवणाऱ्याचं म्हणणं, नग पूर्ण आहेत. शेवटी सगळे नग डब्यांत ओतून मोजले, तर खरोखरच एकूण आकडा जुळला. कारण दुसऱ्या एका पॅलेटवर प्रत्येक बॉक्समध्ये २४ ऐवजी २५ नग होते. ४८ कार्टन, प्रत्येकी ६ बॉक्स, म्हणजे २८८ बॉक्स आणि २८८ नग जास्त. एकूण बरोबर आला, पण दोन्ही पॅलेटांचा हिशोब चुकीचा होता. तो माल न उघडता पुढे कार्टननिशी विकला असता, तर एकाला कार्टनमागे सहा नग जास्त गेले असते आणि आमच्या पुस्तकात प्रत्यक्षात नसलेली दोन कार्टन शिल्लक दिसली असती. तेव्हापासून मी एकूण नग जुळले की थांबत नाही. पॅलेट, कार्टन, बॉक्स आणि नग हे चारही आकडे वेगवेगळे जुळवतो. आणि एका पॅलेटवर दोन प्रकारचा माल असेल तर प्रत्येक प्रकाराची ओळ वेगळी धरतो, कारण तिथे ‘पॅलेटवर इतके’ या एका आकड्याने गुणून काहीच मिळत नाही.

आता सहीचं. गाडीवाल्याच्या पावतीवर फक्त तेच लिहा जे त्याच्यासमोर तुम्ही मोजलंत. फिल्म न फोडता माल उतरवला असेल तर ‘१४ पॅलेट मिळाली, फिल्म शाबूत, आतला माल मोजलेला नाही’ असं लिहून सही करा. वाहतूकदाराच्या कागदावरही बहुतेक वेळा आतल्या मालाबद्दल ‘पाठवणाऱ्याच्या सांगण्यानुसार’ अशा अर्थाचा शेरा असतो; त्यानेही नग मोजलेले नसतात. तुमचा १,०८,८६४ चा आकडा कुठेही लिहू नका, आणि ९५,१२२ सुद्धा आज लिहू नका. एखाद्या पॅलेटची फिल्म फाटलेली किंवा पुन्हा गुंडाळलेली दिसली तर गाडी थांबलेली असतानाच त्या पॅलेटचा फोटो काढा, पॅलेटचा क्रमांक पावतीवर टाका आणि तेवढं एक पॅलेट लगेच उघडून मोजा. बाकीची कार्टन मोजून, अर्धवट कार्टनमधले ८२ नग पाहून, नमुन्याची कार्टन उघडून झाली की गोदामाच्या आवक नोंदीत १४ पॅलेट, ६६१ कार्टन, त्यातलं एक अर्धवट, ९५,१२२ नग, असं पूर्ण लिहा, आणि नमुन्याला कोणती कार्टन उघडली त्यांचे क्रमांकही शेजारी टिपून ठेवा.